स्टोन, फर्लांग, गॅलन: इंग्रजी मजकुरातली मापं मराठीत आणताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याला राहतो, इंग्रजीतनं मराठीत भाषांतरं करतो. कुणी दिवाळी अंकासाठी कथा भाषांतरित करतंय, कुणी पेपरात रात्रपाळीला बातम्या उतरवतंय, कुणी सबटायटल्स लिहितंय, आणि सगळ्यांची गाडी येऊन अडते ती याच तीन-चार शब्दांवर. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून शेवटी एका जागी लिहून काढले. एक आधीच सांगतो, आकडेमोड यातला सोपा भाग आहे, मोबाइलवर दोन सेकंदात होते. लोक चुकतात ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर.

१. स्टोन म्हणजे नक्की किती? आणि वजनाला दगड का म्हणतात?

एक स्टोन म्हणजे १४ पौंड, आपल्या हिशोबात ६.३५ किलो. रोजच्या वापराला "सव्वासहा किलोपेक्षा जरा जास्त" एवढं डोक्यात ठेवलं तरी चालतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, घरातल्या सिलिंडरमधला गॅस १४.२ किलो असतो, तो झाला साधारण सव्वादोन स्टोन.

नाव दगडावरूनच आलंय, पूर्वी तराजूत वजन म्हणून दगडच टाकायचे. पण गावागावाचा दगड वेगळा, आणि मालामालाचाही. लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात मटणाचा स्टोन ८ पौंडांचा होता. १८३५ च्या ब्रिटिश कायद्यानं तो १४ पौंडांवर पक्का केला. त्यामुळे त्याच्या आधीच्या काळातलं काही तुमच्या हातात असेल आणि त्यात खाटीक बोलत असेल तर सरळ ६.३५ नं गुणू नका. आता ब्रिटनमधे दुकानात स्टोननं काही विकत नाहीत, पण माणसाचं वजन मात्र लोक अजून त्यातच सांगतात. आमच्या कितीतरी गोंयकारांची भावंडं स्विंडनला आहेत, त्यांना फोनवर वजन विचारून बघा, दहा वर्षं तिकडे राहिलेला माणूस हमखास स्टोनमधे उत्तर देतो.

२. वाक्यात "स्टोन" आला तर तो वजनाचा की खराखुरा दगड, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. "त्याने आजारपणात दोन दगड गमावले" हे वाक्य मी छापलेलं वाचलंय, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि ते लिहिणारा माणूस काही मूर्ख नव्हता, फक्त रात्रीचे दोन वाजले असणार.

खूण अशी की आकडा दोन-तीन-बारा असला तरी इंग्रजीत वजनाचा स्टोन बहुतेक वेळा एकवचनीच राहतो. "ट्वेल्व्ह स्टोन" म्हणजे वजन, "ट्वेल्व्ह स्टोन्स" म्हणजे बारा दगड. दुसरी खूण क्रियापदाची, वजन कमी झालं, वाढलं, भरलं असं काही शेजारी असतं. फक्त "अ स्टोन" आला तर मात्र एकवचनाची खूण कामाला येत नाही, तिथे आजूबाजूची दोन वाक्यं वाचायची. कुणी सुट्टीहून आलं आणि "पुट ऑन अ स्टोन" असं असेल तर तो माणूस सहा किलोनं सुटलाय, डोक्यावर धोंडा घेऊन आलेला नाही.

३. "इलेव्हन स्टोन फोर" असं दिलंय. मी ११.४ ला ६.३५ नं गुणलं. बरोबर ना?

नाही. आणि ही चूक वाईट आहे कारण ती दिसत नाही. ११.४ गुणिले ६.३५ म्हणजे ७२.४ किलो, खरं उत्तर ७१.७, फरक इतका कमी की कुणाच्या लक्षातच येत नाही आणि माणसाला वाटतं आपली रीत बरोबर आहे. मग पुढच्या पानावर "ट्वेल्व्ह स्टोन टेन" येतो, हा गडी १२.१० करतो, उत्तर येतं ७६.८ किलो, आणि खरं वजन आहे ८०.७. चार किलो कुठे गेले?

स्टोननंतरचा आकडा दशांश नसतो, तो पौंडांचा असतो, आणि स्टोनमधे पौंड चौदा, दहा नव्हे. म्हणजे आधी सगळ्याचे पौंड करायचे, १२ गुणिले १४ झाले १६८, त्यात १० मिळवले की १७८, मग ०.४५३६ नं गुणायचं. फूट-इंचाचं पण असंच, पाच फूट अकरा इंच म्हणजे ५.११ फूट नव्हे, हे आपल्याला सवयीनं कळतं, कारण उंची आपण अजून फुटातच सांगतो. स्टोनची सवय नाही म्हणून घसरतो, एवढंच.

४. फर्लांग किती लांब? आणि मराठीत काय लिहायचं, "फर्लांग" की दुसरं काही?

फर्लांगच लिहा, तो शब्द मराठी झालाय. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, २०१ मीटर, म्हणजे व्यवहारात दोनशे. आठ फर्लांगांचा मैल. क्रिकेट बघणाऱ्यांसाठी सोपं, पिच २२ यार्डांचं असतं, अशी दहा पिचं एकापुढे एक ठेवली की फर्लांग. शब्दाचा मूळ अर्थ नांगराच्या तासाची लांबी, बैल एका दमात जेवढं तास ओढतील तेवढं, म्हणजे शेतातनंच आलेला शब्द आहे.

गोव्यातले वाचक इथे थोडे वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. घाटावर इंग्रजांच्या काळात रस्त्याकडेला मैलाचे आणि फर्लांगाचे दगड होते, त्यामुळे तिकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात "दोन फर्लांगांवर" सहज येतं. आमच्याकडे राज्य पोर्तुगीजांचं, आणि पोर्तुगालनं मीटर एकोणिसाव्या शतकातच घेतला होता. माझ्या आईला फर्लांग माहीत आहे तो फक्त पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांतनं, "चालून येईल एवढं लांब" एवढाच तिचा अर्थ. तेव्हा अंतर महत्त्वाचं असेल तर वाक्यातच कुठेतरी अंदाज पेरून द्या, "फर्लांगभर, म्हणजे पाच मिनिटांचीही वाट नाही" असं काहीतरी. तळटीप नको.

घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्यांत मात्र सरळ मीटर वापरा. आपल्याकडे शर्यती मीटरमधेच सांगतात, म्हणून "सिक्स फर्लांग" ची शर्यत मराठीत १२०० मीटरची. अचूक काढलं तर १२०७ येतात, पण ते कुणी लिहू नये. अपवाद नामांकित शर्यतींचा, इंग्लंडमधली एप्सम डर्बी १ मैल ४ फर्लांग ६ यार्डांची आहे, तिथे ते सहा यार्ड मुद्दाम सांगितलेले आहेत म्हणून २४२० मीटर असं नेमकं लिहायचं.

५. गॅलन म्हणजे साडेचार लिटर की पावणेचार? नेटवर दोन्ही दिसतं.

दोन्ही बरोबर, गॅलनच दोन आहेत. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकन ३.७८५ लिटर. फरक जवळपास पाऊण लिटरचा, म्हणजे फेणीची एक अख्खी बाटली, सोडून देण्यासारखा नाही.

भानगड अशी की पूर्वी इंग्लंडमधेच दारूचा गॅलन वेगळा आणि बिअरचा वेगळा होता. अमेरिकेनं त्यातला दारूचा छोटा गॅलन धरून ठेवला. इंग्लंडनं १८२४ मधे सगळे गॅलन मोडीत काढून नवा एकच आणला, १० पौंड पाणी जेवढी जागा घेईल तेवढा. हे "दहा पौंड पाणी" डोक्यात ठेवा, पुढे प्रश्न ७ मधे फार कामाला येणार आहे.

मग कुठला धरायचा? लेखक कुठला, पुस्तक कुठे छापलंय, गोष्ट कुठे घडते हे बघायचं. ब्रिटन, आयर्लंड आणि ब्रिटिश वसाहतींतलं लिखाण असेल तर मोठा, अमेरिकेतलं असेल तर छोटा. स्पेलिंगवरनं सुद्धा कळतं पण त्यावर भिस्त ठेवू नका, कारण अमेरिकन प्रकाशक ब्रिटिश पुस्तकाचं स्पेलिंग बदलतात आणि मापं तशीच ठेवतात. १८२४ च्या आधीचं इंग्रजी लिखाण असेल आणि गॅलन वाइनचा असेल तर छोटाच, गोष्ट भर लंडनात घडत असली तरी.

पाइंटचं दुखणं तेच. ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन ४७३. पबमधे बसून कुणी पाइंट मागवला तर मी "पाइंट" च ठेवतो, ज्याला बिअर माहीत आहे त्याला तो शब्दही माहीत आहे, आणि गोव्यात तर विचारूच नका.

६. गाडीचा अ‍ॅव्हरेज "फॉर्टी माइल्स पर गॅलन" दिलाय, त्याचं काय करायचं?

गॅलन कुठला ते प्रश्न ५ प्रमाणे ठरवा. ब्रिटिश असेल तर ०.३५४ नं गुणा, अमेरिकन असेल तर ०.४२५ नं. म्हणजे चाळीसचे ब्रिटिश हिशोबानं लिटरला १४ किलोमीटर आणि अमेरिकन हिशोबानं १७. एकाच आकड्यात तीन किलोमीटरचा फरक, आणि गाड्यांवर लिहिणाऱ्या मराठी मजकुरात हा घोळ मी सारखा बघतो, ब्रिटिश गाडीचा रिव्ह्यू आणि अमेरिकन गुणाकार.

७. आकडा दशांशापर्यंत द्यायचा की गोळाबेरीज करायची? एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

दाखवतो. म्हापशाच्या एका मुलीनं मला तिचा पहिला खर्डा पाठवला होता, तिची परवानगी घेऊन सांगतोय. मूळ इंग्रजी उतारा असा काहीसा होता: इंग्लंडातलं खेडं, गवळ्याकडे कामाला असलेली नऊ स्टोनची पोरगी, खांद्यावर जू, त्याला दोन बादल्या, प्रत्येकीत तीन गॅलन दूध, रोज तीन फर्लांग चालत जायचं, आणि पुढे लेखक म्हणतो की साठ-बासष्ट पौंडांचं ओझं तिच्या खांद्यावर असायचं.

तिचं भाषांतर: "५७.१५ किलो वजनाची ती मुलगी २२.७१ लिटर दूध खांद्यावर घेऊन ६०३.५ मीटर चालत असे." दगड नाही केला हे नशीब! पण बघा काय काय झालंय.

पहिलं, गॅलन अमेरिकन धरलाय, फोनवरच्या कॅल्क्युलेटरनं तोच आधी दाखवला म्हणून. इथे उतारा स्वतःच साक्ष देतो. ब्रिटिश गॅलनभर पाणी १० पौंडांचं, म्हणजे सहा गॅलन ६० पौंड, दूध पाण्यापेक्षा किंचित जड म्हणून साठ-बासष्ट. लेखकानं दिलेल्या ओझ्याशी तंतोतंत जुळलं. अमेरिकन गॅलन धरला असता तर दुधाचं वजन ५२ पौंडांच्या आसपास आलं असतं आणि पुढच्या वाक्याशी भांडलं असतं. म्हणजे लिटर २२.७ नव्हे, २७.३. एकाच उताऱ्यात माप आणि वजन दोन्ही आलं की हा ताळा करून बघायचाच, यात चूक लपत नाही.

दुसरं, दशांश. लेखकानं "नऊ स्टोन" लिहिलं तेव्हा तो काही वजनकाट्याकडे बघत नव्हता. त्याच्या मनात साडेआठ ते साडेनऊ असं काहीतरी होतं, म्हणजे ५४ ते ६० किलो. त्याला ५७.१५ केलं की त्याला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा जास्त आपण सांगतोय. "सत्तावन्न" सुद्धा मला जरा टोकदार वाटतं, मी "पंचावन्न-सत्तावन्न" लिहीन. मराठीत हे जोडआकडे फार सोयीचे आहेत, दहा-बारा, साठ-सत्तर, अंदाज कळतो आणि खोटं बोलल्यासारखं होत नाही. उलट मूळ मजकुरात "नाइन स्टोन टू" असं असतं तर लेखकानं मोजून सांगितलंय, मग मराठीतही ५८ किलो असा एकच आकडा.

तिसरं, बादल्याच गेल्या. सहा गॅलनांची बेरीज करून एक आकडा दिल्यावर दोन्ही बाजूला लोंबकळणारी बादली दिसेनाशी झाली. आणि ओझ्याचं वाक्य तर तिनं गाळलंच, तोच तर मुद्दा होता, स्वतःच्या निम्म्या वजनाएवढं ओझं!

चौथं, खांद्यावरच्या जुवाला तिला शब्द सापडला नव्हता. अगं, कावड. शब्द घरातच होता.

शेवटी असं झालं: "पंचावन्न-सत्तावन्न किलोची पोर ती, खांद्यावर कावड, दोन्हीकडच्या बादल्यांत प्रत्येकी तेरा-चौदा लिटर दूध, असं अठ्ठावीस किलोचं ओझं घेऊन रोज सहाशे मीटर चालायची." यावरही माझं एक म्हणणं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

८. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे. त्यात किलो आणि मीटर खटकत नाहीत का?

खटकतात, निदान मला तरी. निवेदनात एकवेळ चालतील, पण पात्राच्या तोंडात नाही. व्हिक्टोरियन काळातला इंग्लिश शेतकरी "अहो, सहाशे मीटर चालावं लागतं" म्हणाला की कथा तिथेच मेली. पात्र बोलत असेल तर मैल, फर्लांग, पौंड, फूट तसेच ठेवावेत, हे चारही शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. स्टोन ओळखीचा नाही, त्याला वळसा घालायचा: पौंडांत सांगायचं, किंवा आकडाच टाळून "चांगला दणकट गडी" असं, वजन नुसतं वर्णनापुरतं असेल तर.

काही जण उलट टोकाला जातात, शेर-मण-खंडी घालतात. माझ्या मते चुकतंय. गॅलनच्या जागी पायली आणि हंड्रेडवेटच्या जागी मण टाकला की इंग्लंडचं खेडं डिचोलीला येऊन बसतं. शिवाय शेर-मण जागोजागी वेगळे होते, आमची खंडी आणि घाटावरची खंडी एक नाही, म्हणजे एक गोंधळ घालवायला दुसरा आणला.

पौंडाला जुन्या मराठीत "रत्तल" म्हणायचे. मला तो शब्द आवडतो, आणि त्याचा एक फायदाही आहे, पौंड म्हटलं की पैसे का वजन असा घोळ होतो तो रत्तलनं मिटतो. पोर्तुगीजांतही "आर्रातेल" नावाचं माप होतं, दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. पण आजचा तिशीतला वाचक रत्तलला अडखळतो, म्हणून मी तो जुन्या काळातल्या गोष्टीतच आणि तोही पहिल्यांदा संदर्भातनं समजेल अशा ठिकाणीच वापरतो.

९. अमेरिकन मजकुरात स्टोन कधी दिसत नाही, असं का? आणि "अ फिफ्थ" म्हणजे काय?

अमेरिकन लोक माणसाचं वजन नुसत्या पौंडात सांगतात, १५० पौंड म्हणजे ६८ किलो. त्यामुळे पुस्तक अमेरिकन आहे आणि एखादं पात्र स्टोनमधे बोलतंय तर ते पात्र ब्रिटिश आहे असं लेखक सुचवत असू शकतो, अशा वेळी स्टोन पुसून टाकू नका, ठेवा.

"फिफ्थ" हा मोठा चकवा आहे. "त्यानं व्हिस्कीचा पाचवा हिस्सा संपवला" असं भाषांतर झालं तर वाचकाला वाटतं थोडीच प्यायला. प्रत्यक्षात फिफ्थ म्हणजे गॅलनचा पाचवा भाग, ७५७ मिली, म्हणजे आताच्या ७५० ची पूर्ण बाटली. मराठीत सरळ "अख्खी बाटली रिचवली".

वजनातला असाच चकवा हंड्रेडवेटचा. नावात शंभर आहे, अमेरिकेत तो खरंच १०० पौंडांचा, पण ब्रिटनमधे ११२ पौंडांचा, म्हणजे आठ स्टोन. किलोत ५०.८, आपल्याकडचं तांदळाचं पन्नास किलोचं पोतं डोळ्यासमोर आणा, झालं.

१०. घोडा "फिफ्टीन पॉइंट टू हँड्स" उंच आहे. पंधरा हात उंच लिहू का?

नका लिहू! मराठी हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. पंधरा हातांचा घोडा साडेबावीस फुटांचा होईल, जिराफसुद्धा खाली राहील. इंग्रजी हँड म्हणजे फक्त ४ इंच, आडव्या पंज्याच्या रुंदीएवढा. आणि इथेही प्रश्न ३ वालाच सापळा आहे, टिंबानंतरचा २ म्हणजे दोन इंच, दशांश नव्हे. १५ गुणिले ४ झाले ६०, अधिक २, एकूण ६२ इंच, पाच फूट दोन इंच, किंवा १५७ सेंटीमीटर.

अजून एक, ही उंची डोक्यापर्यंतची नसते, मान जिथे पाठीला मिळते तिथपर्यंतची असते. "पाच फूट दोन इंच उंच घोडा" वाचून कुणाला तट्टू वाटेल, म्हणून मी "खांद्याशी सव्वापाच फूट" असं काहीतरी करतो.

११. समुद्राच्या गोष्टींत "फॅदम" येतो. त्याला मराठी शब्द आहे का?

आहे आणि फार चांगला आहे: वाव. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. इंग्रजी फॅदमही मुळात तेच, हात पसरून मोजलेली दोरी, पुढे ती ६ फुटांवर पक्की झाली, १.८३ मीटर. आमचे आजोबा दोर विकत घेताना असे छाती फुगवून, हात ताणून वावा मोजायचे आणि दुकानदार मोजायला लागला की त्याचे हात आखूड आहेत म्हणून भांडायचे.

म्हणून बोटीवरचा माणूस "टेन फॅदम" म्हणाला तर "दहा वाव पाणी" लिहा, किनारपट्टीच्या वाचकाला लगेच कळेल. घाटावरच्या अंकासाठी असेल तर पहिल्यांदा कुठेतरी "साठ फूट" येऊ द्या. वाव हे हँडच्या उलट उदाहरण झालं, तिथे शब्द सारखा आणि माप वेगळं, इथे शब्द वेगळा पण माप तेच. यार्डाला तसाच "वार", नऊवारी लुगड्यातला.

१२. एकराचं काय? गोव्यात कुणी एकर बोलत नाही.

बरोबर, आमच्याकडे प्लॉट असो की भाट, सगळं चौरस मीटरमधे. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, किंवा घाटावरच्या भाषेत ४० गुंठे. गंमत म्हणजे एकरही फर्लांगातनंच आलाय, एक फर्लांग लांब आणि एका पिचच्या लांबीएवढा रुंद पट्टा.

वाचक गोव्याचा असेल आणि मजकूर माहितीपर असेल तर चौरस मीटर द्या, पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटर. कथा असेल तर एकर राहू द्या, प्रश्न ८ मधलं कारण इथेही लागू. पण एकर ठेवून कंसात गुंठे देऊ नका, गोव्याच्या वाचकाला दोन्ही परके.

१३. म्हणी आणि वाक्प्रचारांतली मापं बदलायची का?

अजिबात नाही, तिथे माप नसतंच. "अ स्टोन्स थ्रो" म्हणजे हाकेच्या अंतरावर. इंच दिला की मैल घेतो, त्याला आपलं बोट दिलं की मनगट धरतो. "टेन गॅलन हॅट" मधे दहा गॅलन मावत नाहीत, काउबॉयची ती उंच टोपी, बस. एका सबटायटलमधे मी "३८ लिटरची टोपी" वाचलंय. हिशोब बरोबर होता, अमेरिकन गॅलन धरला होता!

१४. मूळ लेखकाचाच आकडा चुकलेला दिसला तर?

होतं असं. समजा माणूस पहिल्या प्रकरणात बारा स्टोनचा आणि तिसऱ्यात, काही न घडता, दोनशे पौंडांचा. बारा स्टोन १६८ पौंड होतात. इंग्रजी वाचकाच्या लक्षात येत नाही कारण एकके वेगळी आहेत, पण आपण दोन्हीचे किलो केले की ७६ आणि ९१ शेजारी येतात आणि दोष आपल्या माथी बसतो. कादंबरीत मी एका ठिकाणचा आकडा मोघम करतो, "नव्वदीकडे झुकलेला" वगैरे, आणि संपादकाला कळवतो. बातमी किंवा माहितीपर लेख असेल तर मोघम करायचं नाही, मूळ आकडा मूळ एककासकट ठेवून विचारायचं. आणि विचारण्याआधी प्रश्न ३ आणि ५ परत वाचायचे, कारण दहातल्या आठ वेळा चूक लेखकाची नसते, आपण गॅलन भलताच धरलेला असतो.